कंडिशनर, हेअर मास्क आणि लीव्ह-इन क्रीम: बारीक आणि जाड केसांना कधी, किती?

आधी आपला केस बारीक आहे की जाड, हे पाहावे. दाट केस म्हणजे जाड केस नव्हेत. डोक्यावर केस भरपूर असले तरी एकेक केस बारीक असू शकतो. गळलेला एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवून चिमटीत फिरवावा. बोटांना जेमतेम जाणवला तर तो बारीक, राठ तारेसारखा लागला तर जाड.

शाम्पूनंतर ओल्या केसांवर, विशेषतः झिजलेल्या टोकांवर, ऋण भार असतो. कंडिशनरमधील धन भाराचे घटक तिथेच चिकटतात आणि त्यांच्यासोबतचे मेदयुक्त घटक केसांवर पातळ थर देतात, त्यामुळे गुंता सुटतो. हे काम दोन-तीन मिनिटांत होते. मास्कमध्ये बहुधा हेच घटक अधिक प्रमाणात, तेल किंवा बटरसह असतात. तो दहा-पंधरा मिनिटे ठेवला तरी पुरतो. रात्रभर ठेवण्यात विशेष लाभ नाही. लीव्ह-इन क्रीम मात्र धुवायचे नसते, म्हणून त्याचे प्रमाण चुकले की लगेच दिसते.

आमच्या दादरच्या घरात दोन टोके आहेत. माझे केस बारीक आणि खांद्यापर्यंत, तर जाऊबाईंचे जाड आणि कमरेपर्यंत. मी प्रत्येक धुण्यानंतर केसांतील पाणी निथळून रुपयाच्या नाण्याएवढे कंडिशनर कानाखालच्या केसांना लावते आणि एका मिनिटाने धुते. मास्क तीन आठवड्यांतून एकदा, तोही पाचच मिनिटे. लीव्ह-इन वाटाण्याच्या निम्म्याएवढे, फक्त टोकांना. जाऊबाई दर धुण्याला दोन चमचे कंडिशनर तीन मिनिटे ठेवतात, आठवड्यातून एकदा मास्क लावतात आणि टॉवेलने टिपलेल्या, अजून ओलसर केसांना सुपारीएवढे लीव्ह-इन लावतात. केस रंगवलेले किंवा स्ट्रेटनिंग केलेले असतील, तर बारीक केसांनाही मास्क पंधरवड्यातून एकदा चालतो.

एका जुलैमध्ये मी त्यांच्याच मापाने लीव्ह-इन लावले. सकाळी धुतलेले केस संध्याकाळच्या लोकलमध्ये दोऱ्यांसारखे वेगवेगळे होऊन टाळूला चिकटले. केस असे चिकटले की थर जास्त झाला असे समजावे. पुढच्या वेळी दोनदा शाम्पू करून प्रमाण निम्मे करावे. पावसाळ्याच्या दमट हवेत, घटकांच्या यादीत ग्लिसरीन अगदी वर असलेले क्रीम केसांना हवेतील ओलावा ओढायला लावून फुगवू शकते, म्हणून त्या महिन्यांत मी ते वगळते.

कपाळावर केसांच्या कडेने पुरळ येत असेल, तर न धुतलेले कंडिशनर हे त्याचे एक कारण असू शकते. डोके मागे झुकवून केस धुवावेत आणि चेहरा शेवटी धुवावा.