‘करपा’ विचारताना पीक आधी सांगा

रावेरचा माझा चुलतभाऊ कृषी केंद्रावर फोन करून म्हणाला, “करपा आलाय, काय फवारू?” समोरच्याने उलट विचारलं, “कशावर?” तो प्रश्न अगदी बरोबर होता. केळीवरचा करपा म्हणजे सिगाटोका हा बुरशीचा रोग. त्याचे शिरांना समांतर पिवळसर ठिपके पुढे तपकिरी होतात आणि मध्ये राखाडी पडतात. बटाट्यावरचा उशिराचा करपा मात्र फायटोफ्थोरा, खऱ्या बुरशीहून वेगळा जीव. त्याला लागू पडणारं मेटालॅक्झिल सिगाटोकावर चालत नाही, आणि केळीवर वापरतात ते प्रोपिकोनॅझोल बटाट्याच्या या करप्यावर वाया जातं. म्हणून इंटरनेटवर शोधतानाही नुसतं ‘करपा’ नको. ‘केळी करपा खालची पानं’ असं लिहा.