शेअरच्या भावातून अपेक्षित परतावा किंवा वाढ काढताना या चुका टाळा

कायम एकाच दराने वाढत जाणाऱ्या लाभांशांवरून शेअरची किंमत काढणारं सूत्र म्हणजे गॉर्डन मॉडेल. शेअरचा आजचा भाव आणि लाभांश हातात असला की ते उलटं चालवता येतं. परताव्याचा दर (r) तुम्ही धरलात, तर बाजाराने किती वाढ (g) गृहीत धरली आहे ते कळतं. वाढ धरलीत, तर परतावा निघतो.

```
r = D0*(1+g)/P + g
g = (r*P - D0)/(P + D0)
```

इथे P म्हणजे भाव आणि D0 म्हणजे गेल्या वर्षीचा लाभांश. गणित दोन ओळींचं आहे, चुका होतात त्यात भरायच्या आकड्यांत. टीसीएसचं २०२२-२३ हे वर्ष घेऊ, कारण त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक स्वच्छ दिसते.

मार्च २०२३ अखेर भाव साधारण ३,२०० रुपये होता. त्या वर्षासाठी कंपनीने शेअरमागे ११५ रुपये लाभांश दिला, पण त्यातले ६७ रुपये जानेवारीत जाहीर झालेला विशेष लाभांश होते. नियमित लाभांश उरतो ४८. (लाभांश टक्क्यांत वाचलात तर तो दर्शनी मूल्यावर असतो. इथे ते १ रुपया आहे, म्हणून ११५ रुपये म्हणजे ११,५०० टक्के.)

r १२ टक्के धरा. D0 ११५ घेतला तर g ८.१ टक्के येते, ४८ घेतला तर १०.३. पहिल्या उत्तरावरून शेअर स्वस्त वाटेल, दुसऱ्यावरून महाग. पुस्तकी नियम सांगतो की विशेष लाभांश एकदाचा असतो, तो वगळा. इथे तो नियम डोळे मिटून लावणं ही चूकच ठरते. या कंपनीने आधीच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, ४३ रुपये लाभांश दिला होता आणि शिवाय १८,००० कोटींचं बायबॅक केलं होतं, म्हणजे भागधारकांकडून स्वतःचेच शेअर परत विकत घेतले होते. ते शेअरमागे सुमारे ४९ रुपये पडतं. म्हणजे पैसा परत येतोच, फक्त एका वर्षी बायबॅकच्या वाटेने आणि दुसऱ्या वर्षी विशेष लाभांशाच्या. म्हणून एका वर्षाचा लाभांश उचलण्याऐवजी दोन-तीन वर्षांत भागधारकांकडे एकूण किती रोकड गेली ते बघा.

तरीही ११५ हा आकडा जसाच्या तसा चालत नाही, आणि माझ्या मते लोक सर्वांत जास्त घसरतात ते इथेच. त्या वर्षीची प्रतिशेअर कमाईसुद्धा ११५ च्या आसपास होती, म्हणजे जवळपास सगळा नफा वाटला गेला. सगळा नफा वाटायचा आणि वर वर्षाला ८ टक्के वाढही कायम मिळवायची, हे दोन्ही एकत्र धरणं म्हणजे तोच रुपया दोनदा मोजणं. वाढीसाठी थोडा नफा मागे ठेवावा लागतो. भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओई, ४५ टक्क्यांच्या आसपास धरला, तर ८-९ टक्के वाढीसाठी साधारण पाचवा हिस्सा राखावा लागेल. मग वाटण्याजोगे उरतात सुमारे ९३ रुपये आणि g येते ८.८ टक्के. आता लाभांश आणि वाढ एकमेकांशी जुळतात. आरओई १५ टक्के असलेल्या कंपनीत हीच वाढ निम्म्याहून जास्त नफा खाईल, त्यामुळे ही पायरी तिथे तर मुळीच गाळू नका.

उलट दिशेने r काढताना मोह होतो तो गेल्या वर्षीचा वाढीचा दर g मध्ये टाकण्याचा. टीसीएसची प्रतिशेअर कमाई त्या वर्षी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली होती. तो दर टाकला तर, D0 ९३ धरूनही, r १४.२ टक्के निघतो. ६ टक्के टाकला तर ९.१. तुम्ही जे g भरता तेच थोडी भर पडून r म्हणून परत येतं. या सूत्रात g कायमची असते, आणि देशाची अर्थव्यवस्था महागाईसह दीर्घकाळात ज्या वेगाने वाढते त्याहून जोरात कोणतीही कंपनी कायम वाढू शकत नाही. सध्याची वाढ जास्त असेल तर पहिली पाच-दहा वर्षं वेगळी मांडा आणि नंतर दर खाली आणा.

निघालेला r पुन्हा त्याच सूत्रात घालून शेअरची ‘योग्य किंमत’ काढणारेही भेटतात. उत्तर ३,२०० च येणार, कारण r त्या भावातूनच आला आहे. तुलनेसाठी r बाहेरून आणावा लागतो.

आकडा चुकला हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. D0 ४८ आणि g ५ टक्के धरून बघा: r येतो ६.६ टक्के. त्या वेळी दहा वर्षांचा सरकारी रोखा ७.३ टक्क्यांच्या आसपास देत होता. रोख्यापेक्षाही कमी परताव्यावर बाजार असा शेअर सहसा धरत नाही. असं उत्तर दिसलं की भावावर शंका घेण्याआधी लाभांशाचा आकडा पुन्हा तपासा आणि बायबॅक सुटलं आहे का ते बघा.