सिझेरियननंतरचे पहिले दोन दिवस: खाणं, चालणं, वेदना आणि टाके कसे सांभाळावेत

सिझर झालं की बाळंतिणीला दिवसभर सरळ झोपवायचं, उशी द्यायची नाही, गॅस सरेपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नाही, लघवीची नळी दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवायची, आणि फार दुखलं तरच इंजेक्शन. आपल्याकडच्या अनेक घरांना आणि काही रुग्णालयांनाही हीच पद्धत ठाऊक आहे. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांमध्ये अशा सवयी एकेक करून तपासल्या आणि त्यातल्या बऱ्याच मोडून काढल्या. त्यातून उभी राहिलेली, ऑपरेशननंतर लवकर सावरण्याची पद्धत 'इरास' म्हणजे 'एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी' या नावाने ओळखली जाते. सिझेरियनसाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचना 2018 आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाल्या.

आपण एक साधं उदाहरण घेऊ. आधीचं सिझर असल्यामुळे ठरवून केलेलं दुसरं सिझर, वेळ सकाळी 9 ची, कमरेत इंजेक्शन देऊन भूल, मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास नाही. घड्याळाच्या काट्याप्रमाणे काय काय करायचं ते पाहू. तातडीचं सिझर असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल, पूर्ण भूल दिली असेल किंवा ऑपरेशनमध्ये आतड्याला इजा झाली असेल, तर खालच्या वेळा पुढे सरकतात. अशा वेळी डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आदल्या रात्रीपासून सकाळी 7 पर्यंत

हलकं जेवण ऑपरेशनच्या 6 तास आधीपर्यंत चालतं. म्हणजे आपल्या उदाहरणात पहाटे 3 पर्यंत, पण रात्री वेळेवर नीट जेवून झोपणं सोपं. पातळ, गाळीव पेय मात्र 2 तास आधीपर्यंत, म्हणजे सकाळी 7 पर्यंत घेता येतं. पाणी, बिनदुधाचा चहा किंवा गाळलेलं साखरपाणी चालेल. दूध, दुधाचा चहा, ताक आणि गर असलेला रस चालणार नाही. रात्री 10 पासून घसा कोरडा ठेवून सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेली बाई आधीच थकलेली असते, आणि रिकाम्या पोटी मळमळ वाढते. मधुमेह असेल तर साखरेच्या पेयाबद्दल डॉक्टरांना विचारूनच घ्या.

साबण लावून अंघोळ करायची. पोटावरचे किंवा जांघेतले केस घरी ब्लेडने मुळीच काढू नका. ब्लेडने त्वचेवर डोळ्याला न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यात जंतू वाढतात. काढायची गरजच पडली तर रुग्णालयात मशीनने कापतात.

भरती होताना विचारायचा एक प्रश्न: "अँटिबायोटिक चिरा घेण्याआधी देणार ना?" एका डोसची योग्य वेळ म्हणजे चिऱ्याच्या आधीचा एक तास. त्या क्षणी औषध त्वचेत आणि रक्तात पोचलेलं असावं लागतं. चिरा घेतल्यावर दिलेल्या औषधाने तेवढा फायदा होत नाही. कळा सुरू झाल्यावर किंवा पाणमोट फुटल्यावर सिझर होत असेल तर बहुधा आणखी एक अँटिबायोटिक जोडतात. संसर्ग नसताना पाच-सात दिवसांचा कोर्स अनेक ठिकाणी लिहून दिला जातो, पण त्याची शिफारस नाही. चिठ्ठीत तो असेल तर स्वतःहून बंद करू नका, कशासाठी आहे ते मात्र जरूर विचारा.

दुपारी 12: पहिला घोट, मग घास

10 च्या सुमाराला ऑपरेशन आटोपलं असं धरू. बाळंतीण शुद्धीत आहे, उलटी नाही, रक्तदाब ठीक आहे, तर 2 तासांच्या आत तोंडाने सुरुवात करता येते. आधी दोन-चार घोट पाणी, अर्ध्या तासाने चहा-बिस्किट, मग मऊ भात-वरण किंवा खिचडी. सिझरमध्ये आतडी हाताळली जात नाहीत म्हणावीत इतकी कमी हाताळली जातात, त्यामुळे गॅस सरण्याची वाट पाहायचं कारण नाही. उलट अन्न आत गेलं की आतडी चालू लागतात आणि गॅसही लवकर सरतो. एक उलटी झाली तर तासभर थांबून पुन्हा घोटापासून सुरू करा. पोट फुगून दगडासारखं घट्ट झालं आणि उलट्या थांबेनात, तर मात्र खाणं बंद करून सिस्टरला बोलवा.

भात खाल्ला तर टाका पिकतो, डाळीने पू होतो, पाणी जास्त प्यायलं तर पोट सुटतं, या तिन्ही समजुतींना आधार नाही. टाका भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळ, दूध, अंडी, मासे, जे घरात खातात ते द्या. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर हौसेने द्या, पण जेवणाच्या जागी नको. तूप-सुक्यामेव्यावर राहिलेल्या बाळंतिणीला चौथ्या दिवशी संडासला होत नाही आणि जोर केला की टाके ओढले जातात.

उशी द्यायला हरकत नाही. कमरेतल्या भुलीनंतर डोकं दुखतं ते सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपल्यामुळे. सपाट झोपून राहिल्याने ते टळत नाही, हे तपासून झालं आहे. बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की कमी होणारी डोकेदुखी आली, तर भूलतज्ज्ञांना सांगा.

वेदना: घड्याळाने, मागणीने नाही

या पद्धतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. दुखणं वर चढल्यावर औषध दिलं की ते उतरवायला जास्त मात्रा लागते, आणि तोवर बाई उठत नाही, खोकत नाही, बाळाला नीट धरत नाही. म्हणून दोन वेगळ्या जातीची साधी औषधं ठरलेल्या वेळी द्यायची. एक पॅरासिटामॉल, दुसरं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखं सूज उतरवणारं औषध. आपल्या उदाहरणात थिएटरमध्येच डायक्लोफिनॅकची गोळी गुदद्वारातून दिली असेल. मग पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दुपारी 12, संध्याकाळी 6, रात्री 12 आणि सकाळी 6 ला. डायक्लोफिनॅकचा पुढचा डोस डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळी. दोन्ही औषधं आईच्या दुधात अगदी थोडी उतरतात आणि पाजताना चालतात.

कमरेतल्या इंजेक्शनमध्ये मॉर्फिन मिसळलं असेल तर पहिला जवळजवळ अख्खा दिवस आरामात जातो, पण अंगाला खाज सुटते, मळमळतं. ते सगळीकडे मिळत नाही. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही औषधं पाजणाऱ्या आईसाठी टाळावीत, कारण दुधातून बाळाला गुंगी येऊ शकते.

आता एक सापळा. आपल्या औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या कितीतरी पेनकिलर गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. एसिक्लोफिनॅकबरोबर, आयबुप्रोफेनबरोबर, ट्रॅमाडॉलबरोबरही. दिवसात 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि वरच्या वेळापत्रकात ती पूर्ण झाली आहे. त्यात घरच्या कुणी कणकण वाटते म्हणून 650 ची गोळी दिली की मर्यादा ओलांडली. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर मुळातच मात्रा कमी हवी. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा आणि वेळा कागदावर लिहून पलंगाशी चिकटवा. किडनीचा आजार, अल्सर, पेनकिलरने दमा वाढणं किंवा बाळंतपणात रक्तदाब फार वाढलेला असणं, यांपैकी काही असेल तर सूज उतरवणारं औषध देण्याआधी डॉक्टरांना आठवण करा.

संध्याकाळी 5: पाय जमिनीवर

पायांतली संवेदना परत आली, दोन्ही गुडघे वर उचलता आले, की उठायची वेळ झाली. पेनकिलर दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने उठवा, आधी नाही. सरळ उठून बसायला लावू नका, त्याने सगळा ताण चिऱ्यावर येतो. गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देत बसायचं. पाच मिनिटं तसंच बसू द्या. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पुन्हा आडवं करा. सगळं ठीक असेल तर दोघांनी धरून उभं करा, चार पावलं खुर्चीपर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी तीन-चार वेळा वॉर्डभर फेरी. पायांच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका बाळंतपणानंतर वाढलेला असतो आणि झोपून राहिलं की आणखी वाढतो. लवकर चालवायचं मुख्य कारण ते. खोकताना किंवा हसताना पोटावर उशी दाबून धरा.

लघवीची नळी लवकर काढण्याचा आग्रह धरा. नळी असेल तर बाई उठायला लाजते, शिवाय लघवीचा संसर्ग होतो. काढल्यावर 6 तासांत लघवी झाली नाही तर सांगा.

टाके: काय करायचं, काय नाही

ड्रेसिंग साधारण एक-दोन दिवसांत काढतात. त्यानंतर रोज अंघोळ चालते, टाक्यांवरून साबणाचं पाणी वाहू द्या, चोळू नका, स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करा. पोट सुटलेलं असेल तर चिरा घडीखाली झाकला जातो आणि घामाने ओला राहतो. बहुतेक टाके तिथेच बिघडतात. दिवसातून दोन-तीनदा घडी उचलून हवा लागू द्या आणि मध्ये धुतलेलं सुती कापड ठेवा. हळद, तेल, टाल्कम पावडर, राख यांतलं काहीही चिऱ्यावर नको. पाठीला-पायांना मालीश करा, पोट सोडून. शेक-धुरी घ्यायची असेल तर ती पोटाकडे येऊ देऊ नका, चिऱ्याभोवतीची त्वचा बधिर असते आणि भाजलेलं कळत नाही.

संसर्ग बहुधा घरी गेल्यावर दिसतो, चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला. चिरा आईला स्वतःला दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणीतरी रोज एकाच उजेडात मोबाइलने फोटो काढावा. खाज, बधिरपणा, चिऱ्याखाली दोरीसारखी कडक रेघ आणि एखादा-दुसरा गुलाबी पाण्याचा थेंब, हे चालतं. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ ओढा. ती रेघेबाहेर पसरली, चिरा गरम लागला, पू किंवा घाण वास आला, टाके उसवले, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढू लागलं, तर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जा. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून वाट पाहू नका. आत पू साचला असेल तर तो बाहेर काढल्याशिवाय गोळीने काम होत नाही.

ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला तरी त्याच दिवशी दाखवा. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, प्रचंड डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे चमकणं, यांपैकी काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट न पाहता निघा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108, आणि बाळंतीण व नवजात बाळासाठी सरकारी सोय म्हणून 102.