शॉकच्या प्रथमोपचाराची सूचना मराठीत आणताना: जे आधी करायचं, ते आधी लिहा

उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस मोटरच्या पेटीला चिकटला, तर सोबत्याला वाचून दाखवायचा कागद कसा असावा? सांगली जिल्ह्यातल्या गावांसाठी असे कागद मी बरीच वर्षं इंग्रजीवरून मराठीत आणतोय. आधी मूळ मजकूर बाजूला ठेवा आणि कामं बोटांवर मोजा: वीज तोडणं, हाक मारणं, श्वास बघणं, 108 ला फोन, छाती दाबणं. एका कामाला एक वाक्य.

अडतं ते पुढे. 'वीज बंद होईपर्यंत जखमीला हात लावू नका' असं मी एकदा लिहिलं होतं. व्याकरण चोख होतं. तासगावकडच्या एका गावात सराव घेतला. एकजण मोठ्याने वाचत होता आणि दुसरा ऐकेल तसं करत होता. 'जखमीला हात' एवढं कानावर पडताच त्या पोराने पडलेल्याचा दंड धरला. 'नका' नंतर आलं. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. घाबरलेला माणूस तिथवर थांबत नाही. आता मी लिहितो: 'लांब थांबा. मेन स्विच बंद करा. मग जवळ जा.' नुसतं 'स्टार्टर बंद करा' लिहू नका, कारण मेनपासून स्टार्टरपर्यंतच्या वायरीत करंट राहतोच. मेनपर्यंत जाता येत नसेल, तर वायरमनला फोन आणि तोवर लांबच.

दुसरी खोड 'पूर्वी'ची. 'छाती दाबण्यापूर्वी 108 ला फोन करा' हे ऐकणारा आधी छातीकडे वळतो. त्याचे तुकडे करा: '108 ला फोन करा. स्पीकर चालू ठेवा. छाती दाबायला लागा.' कागदावर पूर्वी, शिवाय, पर्यंत दिसलं की वाक्य मोडायचंच. 'बंद करून जवळ जा' मधला 'करून' चालतो, कारण तो कामाच्याच क्रमाने येतो. एका वाक्यात असा दुसरा शब्द आला की मात्र तोडा.

अट नेहमी कामाच्या आधी: 'श्वास चालत नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर छाती दाबा.' इथे 'अनियमित श्वसन' लिहू नका. आचके बघून लोक 'श्वास चाललाय' म्हणून हात आवरतात.

छाती दाबायच्या वाक्यात क्रियापद शेवटी येणं सोयीचंच आहे: 'छातीच्या मधोमध तळवा ठेवा. त्यावर दुसरा हात ठेवा. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा.' जागा, खोली, वेग आणि मग दाब.

शेवटी कागद पहिल्यांदाच बघणाऱ्याकडून वाचून घ्या आणि ऐकणाऱ्याचे हात बघा. वाक्य संपण्याआधी हात चुकीकडे गेले, तर ते वाक्य पुन्हा लिहा.

कागद मोटरच्या खोलीच्या दारावर बाहेरून लावा. पेटीवर लावला, तर वाचायला माणूस पेटीपाशीच जाईल.