२३ जणांचं वाढदिवसाचं गणित: या चुका टाळा

वर्गात २३ मुलं बसली आहेत. त्यांतल्या किमान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता किती? जन्मसाल बघायचं नाही, फक्त दिवस आणि महिना. २९ फेब्रुवारी बाजूला ठेवू आणि बाकीचे ३६५ दिवस सारखेच संभाव्य आहेत असं धरू. उत्तर येतं ०.५०७३, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. अकरावीला संभाव्यता शिकवताना मी हे उदाहरण दरवर्षी घेते, आणि वह्या तपासताना चुका बहुतेक त्याच त्याच जागी सापडतात. चूक नेमकी कुठे झाली हे आलेल्या आकड्यावरूनच ओळखता येतं, म्हणून त्या जागा इथे एकेक करून दाखवते.

"माझ्या वाढदिवसाचं कुणीच भेटलं नाही"

एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या तारखेला जन्मलेलं मला आजवर कुणी भेटलं नाही. मग २३ जणांत जोडी कशी मिळेल?" तिचं म्हणणं खरं होतं, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होतं. ती स्वतःची तारीख बाकीच्या २२ जणांशी ताडून बघत होती. त्या २२ जणांपैकी एकाचीही तारीख तिच्याशी न जुळण्याची संभाव्यता (३६४/३६५)^२२, म्हणजे ०.९४१४. तेव्हा जुळण्याची फक्त ०.०५८६.

आपल्या प्रश्नात तारीख ठरलेली नाही. कुणाचीही कुणाशीही जुळली तरी चालते. पहिल्याला २२ जणांशी ताडायचं, दुसऱ्याला उरलेल्या २१ जणांशी, तिसऱ्याला २० जणांशी, असं करत एकूण २३ × २२ ÷ २ = २५३ जोड्या होतात. मुलगी २२ तुलना मोजत होती आणि वर्गात प्रत्यक्षात २५३ तुलना होत्या. तुमचं उत्तर ०.०६ च्या आसपास आलं असेल, तर तुम्हीही मनात एक तारीख पक्की धरून बसला आहात.

जोड्यांची सरळ बेरीज

२५३ हा आकडा सापडला की पुढची चूक लगेच होते. एका जोडीची तारीख जुळण्याची संभाव्यता १/३६५, जोड्या २५३, म्हणून उत्तर २५३/३६५ = ०.६९३. ही चूक फसवी आहे, कारण लहान गटात ती जवळजवळ बरोबर उत्तर देते. पाच जणांत १० जोड्या होतात. बेरजेने १०/३६५ = ०.०२७४ येतं आणि खरं उत्तर आहे ०.०२७१. त्यामुळे विद्यार्थ्याचा या रीतीवर विश्वास बसतो. मग तीच रीत २८ जणांना लावून बघा. जोड्या ३७८, आणि ३७८/३६५ एकाच्या वर जातं. संभाव्यता एकाहून मोठी असूच शकत नाही. २८ जणांचं खरं उत्तर ०.६५४५ आहे.

बिघडतं कुठे? एकाच वर्गात दोन जोड्या जुळल्या तर बेरजेत तो वर्ग दोनदा मोजला जातो. तिघांची तारीख एक असेल तर तीनदा. ०.६९३ हा आकडा निरर्थक नाही. असे पुष्कळ वर्ग घेतले तर एका वर्गात सरासरी इतक्या जोड्या जुळतील, असं तो सांगतो. पण आपल्याला जोड्यांची सरासरी नको आहे. किमान एक जोडी आहे की नाही, एवढंच हवं आहे.

पूरक घटना चुकीची लिहिणं

या दुहेरी मोजणीतून सुटायला पूरक घटना हवी. मात्र ती काय आहे हे आधी शब्दांत लिहा, मगच आकड्यांना हात घाला. "किमान एक जोडी जुळते" याची पूरक घटना आहे "एकही जोडी जुळत नाही", म्हणजे सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या. काही जण "सगळ्यांची तारीख एकच नाही" असं लिहितात, ते साफ चूक. काही जण पूरक घटनेकडे न जाता "नेमकी एक जोडी" काढतात आणि थांबतात. २३ जणांत नेमकी एकच जोडी असण्याची संभाव्यता ०.३६३ येते. उरलेले ०.१४४ दोन जोड्या, तीन जोड्या, तिघांची एकच तारीख अशा असंख्य प्रकारांत विखुरलेले असतात. ते सगळे प्रकार एकेक करून मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. "एकही जुळत नाही" याला मात्र एकच प्रकार आहे. म्हणूनच ही वाट सोपी पडते.

आता मुलं एकामागून एक वर्गात येत आहेत असं समजा. पहिल्याला कुठलीही तारीख चालते: ३६५/३६५. दुसऱ्याने पहिल्याची तारीख टाळायची: ३६४/३६५. तिसऱ्याने दोन तारखा टाळायच्या: ३६३/३६५. पाच जणांसाठी

३६५/३६५ × ३६४/३६५ × ३६३/३६५ × ३६२/३६५ × ३६१/३६५ = ०.९७२९

आणि १ − ०.९७२९ = ०.०२७१.

हा गुणाकार चालतो, कारण प्रत्येक अपूर्णांक "आधीच्या सगळ्यांच्या तारखा वेगळ्या निघाल्या आहेत" हे धरूनच लिहिला आहे. शेवटी एकातून वजा करायला विसरणारेही असतात. २३ जणांसाठी तुमचं उत्तर ०.४९२७ आलं असेल तर ती शेवटची ओळ राहिली आहे. दोन्ही आकडे निम्म्याच्या इतके जवळ आहेत की ही चूक नजरेतून सहज निसटते.

शेवटचा अपूर्णांक कोणता?

२३ जणांसाठी शेवटचा अपूर्णांक ३४३/३६५ आहे, कारण शेवटच्याला २२ तारखा टाळायच्या असतात, २३ नाही. एका वहीत मला ०.५३८ हे उत्तर दिसलं. मुलाने ३६४/३६५ पासून सुरुवात केली होती आणि २३ अपूर्णांक मोजून ३४२/३६५ वर तो थांबला होता. त्याने नकळत २४ जणांचं उत्तर काढलं होतं. ०.४७५७ आलं असेल तर उलटं झालंय: एक अपूर्णांक कमी पडला आणि २२ जणांचं उत्तर आलं.

याची पारख करायला मी मुलांना एक टोकाचा प्रसंग देते. दिवस ३६५ आणि माणसं ३६६ असतील तर कुणीतरी दोघं एका तारखेवर येणारच. तुमच्या सूत्रात ३६६ घातल्यावर शेवटचा अपूर्णांक ०/३६५ झाला पाहिजे, म्हणजे अख्खा गुणाकार शून्य. तो ३६५ जणांनाच शून्य झाला, किंवा ३६६ ला झालाच नाही, तर मोजणी एकाने घसरली आहे.

मग संभाव्यता इतक्या झपाट्याने का वाढते?

इथे जरा थांबते, कारण या गणितातला खरा विचार इथेच आहे. जोड्या माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, हे पहिलं कारण. माणसं १० वरून २० झाली की जोड्या ४५ वरून १९० होतात. माणसं दुप्पट, जोड्या चौपटीहून अधिक.

पूरक घटनेकडून बघितलं तर हेच आणखी स्पष्ट दिसतं. समजा २० जणांच्या तारखा वेगळ्या निघाल्या. आता २१ वा आत येतो. त्याला २० तारखा टाळायच्या आहेत, म्हणून तो ३४५/३६५ ने, म्हणजे ०.९४५ ने गुणतो. दुसऱ्या मुलाने फक्त ०.९९७ ने गुणलं होतं. म्हणजे गुणाकार तर लांबतोच, शिवाय प्रत्येक नवा अपूर्णांक आधीच्यापेक्षा लहान असतो. म्हणून "एकही जुळत नाही" ची संभाव्यता १० जणांना ०.८८३, २० जणांना ०.५८९ आणि ३० जणांना ०.२९४ अशी खाली येते.

ही वाढ कायम वेग घेत जाते, असं मात्र समजू नका. नव्या माणसामुळे जी भर पडते ती "आतापर्यंत एकही जुळलं नाही" ची संभाव्यता गुणिले "हा कुणाशी तरी जुळेल" ची संभाव्यता इतकी असते. दुसरा घटक वाढतो, पण पहिला घटत जातो. विसाव्या-एकविसाव्या माणसाला ही भर सर्वांत मोठी असते, सुमारे ०.०३२. त्यानंतर ती ओसरते. म्हणून ५० जणांना ०.९७०, ५७ जणांना ०.९९ आणि पूर्ण १ मात्र ३६६ जणांनाच.

कॅल्क्युलेटर एरर दाखवतो

३६५! काढायला जाऊ नका. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ६९! च्या पुढे जात नाही. ३६५ चा घातांकही ३९ पर्यंतच चालतो, ४० जणांसाठी तो अडतो. अपूर्णांक एकेक गुणत जा, म्हणजे आकडा कधीच एकाच्या वर जाणार नाही. प्रत्येक अपूर्णांक दोन दशांश स्थळांपर्यंत तोडूही नका. ३६४/३६५ चा १.०० झाला की पहिली पायरीच वाया जाते. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```
q = 1
for i in range(23):
    q = q * (365 - i) / 365
print(1 - q)
```

`range(23)` शून्यापासून २२ पर्यंत मोजतं, त्यामुळे शेवटचा अपूर्णांक आपोआप ३४३/३६५ येतो.

"आमच्या वर्गात तर जुळलं नाही"

०.५०७३ याचा अर्थ अशा साधारण दोन गटांपैकी एकात जोडी मिळेल. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते आणि प्रत्येकात २३ खेळाडू. त्यांपैकी १६ संघांत वाढदिवसाची जोडी निघाली. तुमच्या एका वर्गात जोडी नसणं हे काही सूत्राविरुद्ध नाही.

सगळे दिवस सारखे नसतात तेव्हा

आपल्याकडे हे गृहीतक एका ठिकाणी जोरात मोडतं. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी १ जून ही तारीख लावून टाकत. त्यामुळे मागच्या पिढ्यांच्या कागदपत्रांत या तारखेची गर्दी दिसते. समजा एखाद्या कचेरीत दहातल्या एकाची नोंद १ जूनची आहे आणि बाकीच्यांच्या तारखा उरलेल्या ३६४ दिवसांत सारख्या पसरल्या आहेत. मग एका जोडीची तारीख जुळण्याची संभाव्यता ०.१ × ०.१ अधिक ०.९ × ०.९ ÷ ३६४, म्हणजे ०.०१२२ होते. नेहमीच्या १/३६५ च्या जवळजवळ साडेचारपट.

इथेही पूरक घटनाच वापरायची, पण तिचे दोन भाग पाडून. एकही जोडी नसण्यासाठी १ जूनवाला एकतर कुणीच नसावा किंवा एकच असावा, आणि उरलेल्यांच्या तारखा ३६४ दिवसांत वेगवेगळ्या असाव्यात. १४ जणांसाठी पहिला भाग ०.९^१४ गुणिले १४ वेगळ्या तारखांची संभाव्यता: ०.२२८८ × ०.७७६४ = ०.१७७६. दुसरा भाग १४ × ०.१ × ०.९^१३ गुणिले उरलेल्या १३ जणांच्या वेगळ्या तारखांची संभाव्यता: ०.३५५९ × ०.८०५१ = ०.२८६५. बेरीज ०.४६४, म्हणून जोडी मिळण्याची संभाव्यता ०.५३६. हाच हिशोब १३ जणांना केला तर उत्तर निम्म्याच्या जरासं खाली राहतं. अशा कचेरीत निम्म्याची रेषा ओलांडायला २३ नाही, १४ माणसं पुरतात.