गरोदरपणातील मधुमेह: तपासणीत आणि त्यानंतर होणाऱ्या या चुका टाळा

तिसऱ्या महिन्यात साखर तपासली, ती ठीक आली, म्हणून सहाव्या महिन्यातली तपासणी सोडून देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो आणि हा बदल प्रामुख्याने गर्भारपणाच्या उत्तरार्धात दिसतो. म्हणूनच पहिल्या भेटीत तपासणी केलेली असली, तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी लागते.

आपल्या सरकारी दवाखान्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. या पद्धतीत उपाशीपोटी येण्याची गरज नसते. काही खासगी दवाखान्यांतल्या तीन नमुन्यांच्या तपासणीत मात्र ती असते, त्यामुळे कोणती तपासणी आहे हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. ग्लुकोज प्यायल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली आणि ती लपवली, तर साखर खोटी कमी दिसते. अशा वेळी परिचारिकेला सांगून दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा करावी.

समजा, २६व्या आठवड्यात एका बाईची साखर १५६ आली. या पद्धतीत १४० किंवा त्याहून अधिक म्हणजे गरोदरपणातील मधुमेह. घाबरून तिने भात-पोळी बंद केली, पण सकाळी बशीभर पोहे, गोड चहा आणि फळांचा रस चालूच ठेवला, शिवाय चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली. उपाशी राहणे बाळासाठी योग्य नाही आणि साखर तर रसाने व साबुदाण्याने झपाट्याने चढते. त्याऐवजी तीन जेवणे आणि मधली दोन-तीन छोटी खाणी ठेवावीत, प्रत्येक वेळी ज्वारीची भाकरी, उसळ, डाळ, दही किंवा अंडे यांतले काहीतरी असावे आणि रसाऐवजी अख्खे फळ खावे. दोन आठवड्यांनी तिची जेवणानंतर दोन तासांची साखर १२८ आली. ती १२०च्या खाली यायला हवी होती, म्हणून डॉक्टरांनी औषध सुरू केले. आहार पाळूनही औषध लागणे हे तिचे अपयश मानू नये, कारण अनेकींच्या शरीराला एवढ्याने पुरत नाही.

शेवटची चूक माहेरी घडते. बाळंतपणानंतर साखर उतरली की फाईल सासरीच राहते, डिंकाचे लाडू सुरू होतात आणि सहा आठवड्यांनंतरची तपासणी कुणाच्याच लक्षात राहत नाही. ही तपासणी उपाशीपोटी, त्याच ७५ ग्रॅम ग्लुकोजने होते. दोन तासांनी १४० ते १९९ असेल तर मधुमेहाची पूर्वावस्था आणि २०० किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह समजावा. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. शक्य असल्यास त्या दिवशीच दवाखान्यात ही तपासणी उरकावी आणि अहवाल ठीक आला तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी, तसेच पुढच्या गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत, साखर तपासावी.