पीआयएल मूट: ओल्गा टेलिसचा आधार घेताना या चुका टाळा

झोपड्या पाडण्यावरचा मूट प्रॉब्लेम आला की मुंबईतल्या पदपथावरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांना हटवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा ओल्गा टेलिस (1985) हा निकाल मेमोरियलमध्ये हमखास असतो. बेंच अडवते तेही बहुधा तिथेच, कारण निकाल शेवटपर्यंत वाचलेला नसतो.

पहिली चूक लोकसची, म्हणजे याचिका करण्याच्या अधिकाराची. संस्था दुसऱ्यांसाठी याचिका करू शकते, हे सांगायला अनेक जण हाच निकाल देतात. पण तिथे पत्रकार ओल्गा टेलिस यांच्याबरोबर पदपथावर राहणारे स्वतःही याचिकाकर्ते होते. तुमच्या प्रॉब्लेममध्ये संस्था एकटीच असेल, तर आधार एस. पी. गुप्ता (1981) प्रकरणाचा घ्या. हक्क कुणाचे डावलले गेले, ते गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे स्वतः का येऊ शकत नाहीत आणि संस्थेचा हेतू प्रामाणिक कशावरून, हे तीनही मुद्दे प्रॉब्लेममधल्या तथ्यांनी भरा. ‘रहिवासी स्वतः का आले नाहीत?’ हा प्रश्न येणारच. त्यावर ‘आमची संस्था समाजसेवी आहे’ हे उत्तरच नव्हे. नोटीस कधी लागली आणि पाडकामाला किती दिवस उरले होते, ते सांगा.

प्रतिवादी इथे बलवंतसिंग चौफाल (2010) काढतात. याचिकाकर्त्याची पार्श्वभूमी आणि याचिकेतली माहिती तपासून मगच दखल घ्यावी, असं तो निकाल सांगतो. पण प्रॉब्लेममध्ये हेतूबद्दल शंका घ्यायला एकही ओळ नसेल, तर ‘ही प्रसिद्धीसाठीची याचिका’ म्हणणं पोकळ ठरतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘ओल्गा टेलिसने घराचा हक्क दिला.’ तसं झालेलं नाही. उपजीविकेचा हक्क कलम 21 मध्ये येतो, पण कायद्याच्या वाजवी प्रक्रियेने तो हिरावता येतो, असं कोर्ट म्हणालं. विनानोटीस अतिक्रमण हटवू देणारं मुंबई महानगरपालिका कायद्याचं कलम 314 वैध ठरलं. फक्त एरवी म्हणणं ऐकून घ्यावं, असा त्याचा अर्थ लावला. हाती आलं ते मुख्यतः एवढं: पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, कुणाला हटवायचं नाही, आणि 1976 च्या गणनेत नोंदलेल्यांना पर्यायी जागा, तीही हटवण्याची पूर्वअट म्हणून नाही.

म्हणून प्रेयर ‘सर्व बेघरांना घरं द्या’ अशी लिहिली, तर मार्गदर्शक तत्त्वं कोर्टातून बजावता येत नाहीत हे सांगणारं घटनेचं कलम 37 बेंच दाखवते आणि बजेटचं विचारते. त्याऐवजी सुनावणी होईपर्यंत पाडकामाला स्थगिती, ठरावीक मुदतीत रहिवाशांचं सर्वेक्षण आणि सरकारची जी पुनर्वसन योजना आधीच आहे तिची अंमलबजावणी, एवढं मागा. योजना सरकारचीच असली की धोरण कोर्ट ठरवतंय, हा आक्षेप बराच बोथट होतो.

पैसे नसल्याची सबब चालत नाही, यासाठी पश्चिम बंग खेत मजदूर समिती (1996) देता येतो. मात्र तो तातडीच्या वैद्यकीय उपचारांबद्दलचा आहे. हा फरक प्रतिवादीने दाखवण्याआधी तुम्हीच मान्य करा आणि तरीही तो का लागू होतो ते सांगा.